सुरवंटाची कुसळे आणि फोड उठवणारा भुंगेरा: ओळख आणि पहिल्या तासातला क्रम

पावसाळा सुरू झाला की मुंबईत अंगावर अचानक उठणाऱ्या पुरळाबद्दल आणि फोडांबद्दल एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, आणि त्यावर घरोघरी एकच उपाय केला जातो: जागा चोळायची, खोबरेल तेल लावायचे आणि वाट पाहायची. सुरवंटाच्या कुसळांसाठी चोळणे घातक आहे आणि फोड उठवणाऱ्या भुंगेऱ्यासाठी तेल घातक आहे, म्हणजे या एका उपायात दोन्ही चुका एकत्र होतात. कुसळ ही त्वचेत रुतलेली वस्तू आहे आणि भुंगेऱ्याचा स्राव हे त्वचेवर सांडलेले रसायन आहे. रुतलेली वस्तू उचलून काढावी लागते आणि सांडलेले रसायन धुवावे लागते. पुढचे सगळे टप्पे या फरकावर उभे आहेत.

## टप्पा १: पावसाळ्याआधीची तयारी

कीटक अंगावर आल्यावर वस्तू शोधत बसलात तर दरम्यान हात आपोआप त्या जागेवर जातो आणि नुकसान होऊन बसते. म्हणून जूनपूर्वी एका डब्यात पुढील वस्तू ठेवाव्यात: साधी रुंद सेलोटेप, सर्जरीची कागदी टेप, टोकदार चिमटा, भिंग, निर्जंतुक गॉझ, कॅलामाइन लोशन, रबरी हातमोज्यांची एक जोडी आणि झाकणाची एक लहान पारदर्शक बरणी. कागदी टेप मुद्दाम सांगितली, कारण वयस्कर माणसांची आणि लहान मुलांची त्वचा पातळ असते आणि पॅकिंगची चिवट टेप ओढली की वरचा थरच निघून येतो.

खाज कमी करणारी गोळी आणि सौम्य स्टेरॉइडचे मलम यांबद्दल आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे, विशेषतः घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा नियमित औषधे घेणारे कोणी असेल तर. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय हातात पडणारे बुरशीचे औषध, स्टेरॉइड आणि प्रतिजैविक एकत्र असलेले तिहेरी मलम डब्यात ठेवू नये. मुंबईतल्या पुष्कळ घरांत ते 'सगळ्यावर चालते' म्हणून असते. प्रत्यक्षात ते पुरळाचे रूप बदलून टाकते आणि मग डॉक्टरांनाही मूळ कारण ओळखणे अवघड जाते.

## टप्पा २: कीटक ओळखणे

सुरवंट. मुंबईत त्रास देणाऱ्या अळ्यांचे दोन प्रकार लक्षात ठेवले की बहुतेक प्रसंग त्यात बसतात.

पहिला प्रकार लांब, मऊ दिसणाऱ्या केसांच्या सुरवंटांचा. शेवग्याच्या खोडावर दिवसा दाटीने चिकटून बसणारे करड्या-तपकिरी रंगाचे सुरवंट याच गटातले. एरंडावर आणि गुलाबावर येणारे, पांढरट केसांचे आणि लालसर डोक्याचे सुरवंटही याच प्रकारात मोडतात. काही जातींच्या पाठीवर टूथब्रशच्या कुंच्यासारखे उभे झुबके असतात. यांच्या केसांची टोके सहज मोडतात, काही केस सुटून वाऱ्यावर उडतात आणि वाळत घातलेल्या कपड्यांत अडकतात. त्यामुळे अळीला हातही न लावलेल्या माणसालाही पुरळ उठू शकते.

दुसरा प्रकार घोणस अळीचा. २०२२ मध्ये मराठवाड्यातून उसावरच्या या अळीबद्दल 'चावली की माणूस दगावतो' अशा अफवा मोबाइलवर फिरल्या होत्या. तसे काही नाही, मात्र वेदना खरोखरच तीव्र असते. ही अळी बुटकी, चपटी आणि बहुधा हिरवट-पिवळी असते, अंगावर निळसर किंवा फिकट पट्टे असतात आणि कडेने काटेरी गुच्छांच्या रांगा असतात. तिचे पाय दिसत नाहीत, ती गोगलगायीसारखी सरकते, आणि हीच तिची सर्वांत भरवशाची खूण आहे. आंबा, नारळ, केळ आणि देशी बदाम या झाडांवर ती पानाच्या खालच्या बाजूला असते. इथे पोकळ काट्यांच्या मुळाशी विष असते, काटा टोचताच ते आत जाते आणि विजेचा झटका बसावा तशी कळ लगेच येते. केसाळ सुरवंटाची खाज मात्र काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत कधीही सुरू होते.

> तपासणी: आंब्याच्या पानावर दोन्ही बाजूंना हिरव्या पिसांसारखे काटे पसरून पानाच्या मधल्या शिरेवर चपटी बसलेली हिरवी अळी बहुधा 'कॉमन बॅरन' या फुलपाखराची असते आणि ती त्रास देत नाही. लिंबावर आणि कढीपत्त्यावर येणाऱ्या, केस नसलेल्या अळ्याही फुलपाखरांच्याच असतात. मात्र केस किंवा काटे असलेली अळी ओळखता येत नसेल, तर ती त्रासदायक आहे असेच धरून चालावे.

फोड उठवणारा भुंगेरा. यालाच ब्लिस्टर बीटल म्हणतात, आणि घाटावरचे बाजरी पिकवणारे शेतकरी त्याच्या काही जातींना हिंगे म्हणून ओळखतात. मुंबईच्या आसपास सर्वांत जास्त दिसणारी जात म्हणजे काळ्या पंखांवर नारिंगी-लाल आडवे, नागमोडी पट्टे असलेला भुंगेरा. तो साधारण अडीच सेंटिमीटर लांब असतो, ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात दिवसा भेंडी, जास्वंद आणि वेलभाज्यांच्या फुलांवर बसून पाकळ्या कुरतडतो आणि जड, संथ उडतो. काही मातकट जाती रात्री दिव्याकडे येतात.

ओळखण्यासाठी रंगापेक्षा घडण पाहावी. डोके रुंद, त्यामागे मान बारीक आणि मग परत रुंद धड, अशी याची बांधणी असते, आणि पंखांवरचे आवरण इतर भुंगेऱ्यांसारखे घट्ट व टणक नसून मऊ, चामड्यासारखे असते. जास्वंद, भेंडी आणि सावरीवर दिसणारा लाल-काळा ढेकूण यापेक्षा लहान व चपटा असतो, त्याला अशी बारीक मान नसते आणि त्याच्यामुळे फोड येत नाहीत. लाल रंगाचे, काळ्या ठिपक्यांचे गोल भुंगेरेही निरुपद्रवी असतात.

या भुंगेऱ्याला डिवचले किंवा दाबले की पायांच्या सांध्यांतून पिवळसर स्राव येतो. त्यात कॅन्थरिडिन असते. ते त्वचेच्या वरच्या थरातील पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे दुवे सैल करते, त्यामुळे थर सुटतो आणि त्यात पाणी भरते. हे वरच्या थरातच घडत असल्यामुळे फोड सहसा व्रण न सोडता भरतो, काळपट डाग मात्र काही काळ राहू शकतो. मेलेल्या, वाळलेल्या भुंगेऱ्यातही कॅन्थरिडिन टिकून असते, म्हणून खिडकीत मेलेला भुंगेराही बोटांनी उचलू नये.

कीटक दिसला नसेल तर. अशा वेळी वेळ हाच पुरावा असतो. काही मिनिटांत कळ किंवा काही तासांत खाज आणि लाल दाणे उठले, आणि ते कॉलर, बाही, कंबरेचा पट्टा अशा कपड्यांच्या कडांजवळ असले, तर सुरवंटाचा संशय घ्यावा. साधारण २ ते २४ तासांत, खाज फारशी न येता, आधी थोडे लाल आणि मग ताणलेला, पाण्याने भरलेला फोड दिसला, तर भुंगेऱ्याचा संशय घ्यावा. एक ते दोन दिवसांनी जळजळणारा लाल ओरखडा आणि त्यावर बारीक पुटकुळ्या दिसल्या, तर कारण बहुधा वेगळेच असते. पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती येणारा, मुंगीसारखा दिसणारा, नारिंगी-काळा, सेंटिमीटरभरही नसलेला कीटक झोपेत चिरडला गेला असण्याची शक्यता जास्त. त्याचे विष वेगळे असते, मात्र आधी साबणाने धुणे आणि न चोळणे हे नियम तिथेही लागू आहेत. 'कोळी मुतला' म्हणून घरोघरी जे काही सांगितले जाते, त्यातला बराच भाग या कीटकाचाच असावा.

## टप्पा ३: सुरवंट लागल्यावर करायचा क्रम

हा क्रम उलटा करू नये. बहुतेकांची चूक अशी होते की ते धावत मोरीत जाऊन हाताने चोळून धुतात. पाणी आणि चोळणे मिळून मोडलेली टोके आणखी खोल जातात आणि शेजारच्या त्वचेवरही पसरतात. घोंगडी किंवा गोणपाट चोळण्याचा जुना उपायही याच कारणाने टाळावा. काही केस निघतात खरे, पण बाकीचे आत दाबले जातात.

१. पंखा बंद करा आणि हात लांब ठेवा. मोकळे केस पंख्याच्या वाऱ्याने खोलीत फिरतात आणि डोळ्यांपर्यंत पोचतात. अळी अंगावरच असेल तर बोटांनी उचलू नका आणि चापट मारू नका. कार्डाची कडा किंवा चिमटा वापरून तिला खाली ढकला आणि बरणीत घ्या.

२. कपडे काळजीपूर्वक काढा. टी-शर्ट डोक्यावरून ओढून काढला तर कापडातले केस चेहऱ्याला लागतात. बटणांचा शर्ट असेल तर सरळ उघडावा. टी-शर्टच असेल आणि त्रास मानेजवळ किंवा छातीवर असेल, तर पुढून कापून काढणे शहाणपणाचे. कपडे झटकू नयेत, ते थेट पिशवीत भरून पिशवी बांधावी.

३. टेप लावून उचला. कोरड्या त्वचेवर टेपचा बोटभर तुकडा ठेवा, हलके दाबा आणि सरळ वर उचला. बाजूला ओढू नका. प्रत्येक वेळी नवीन तुकडा घ्या, कारण वापरलेल्या तुकड्यावरचे केस पुढच्या जागेत परत रुततात. एका तळहाताएवढ्या जागेला दहा-पंधरा तुकडे लागतात, आणि पुरळ दिसते त्यापेक्षा थोडी जास्त जागा घ्यावी. ही टेप डोळ्यांजवळ, पापण्यांवर किंवा जखमेवर लावू नये.

४. तपासून पाहा. खोली अंधारी करून मोबाइलचा टॉर्च त्वचेला समांतर धरा. प्रकाश तिरका पडला की उभे केस भिंगातून चमकणाऱ्या रेघांसारखे दिसतात. काही दिसले तर टेपची आणखी एक फेरी करा, एकटा ठळक केस असेल तर चिमट्याने उचला. आत मोडलेली टोके टेपने निघत नाहीत. ती शरीर हळूहळू बाहेर ढकलते आणि त्यामुळे खाज काही दिवस, क्वचित एक-दोन आठवडे राहू शकते. सुईने त्वचा उकरून ती काढायला जाऊ नये.

५. आता धुवा. वाहत्या पाण्याखाली साबणाचा फेस ओतून जाऊ द्या, हाताने घासू नका. टॉवेल वापरू नका, जागा तशीच सुकू द्या.

६. खाज आवरा. कापडात गुंडाळलेला बर्फ एका वेळी १० मिनिटे लावावा आणि नंतर कॅलामाइन लावावे. घोणस अळीच्या कळेला पहिल्या तासात बर्फच जास्त उपयोगी पडतो. डॉक्टरांनी आधी सांगितलेली खाजेची गोळी आणि सौम्य स्टेरॉइड मलम याच वेळी वापरावे. चुना, कांदा, टूथपेस्ट, लसूण यांपैकी काहीही लावू नये. चुना तर स्वतःच त्वचा भाजतो.

> इशारा: डोळ्यात केस गेला असेल तर डोळा चोळू नका आणि टेप जवळ आणू नका. स्वच्छ पाण्याने डोळा १५ मिनिटे सतत धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. सुरवंटाचा केस बुबुळातून आत सरकू शकतो आणि आठवड्यांनंतरही डोळा लाल होत राहतो. दुखणे कमी झाले म्हणून हे टाळता येत नाही.

## टप्पा ४: भुंगेरा अंगावर बसल्यावर किंवा चिरडला गेल्यावर

येथे टेपचा काही उपयोग नाही, उलट दाबामुळे स्राव पसरतो.

१. भुंगेरा जिवंत असेल तर त्याला त्रास देऊ नका. तो बसल्या बसल्या फोड आणत नाही, डिवचल्यावर आणि दाबल्यावरच स्राव सोडतो. जोराची फुंकर मारा किंवा त्याच्यासमोर कागद धरून त्याला कागदावर चढू द्या. तो कॉलरच्या आत किंवा बाहीत शिरला असेल तर कापड अंगापासून दूर ओढून धरा आणि झटकू नका. झटकताना तो कोपराच्या घडीत चिरडला जाण्याचीच शक्यता जास्त असते.

२. लगेच साबणाने धुवा, आणि पुन्हा धुवा. कॅन्थरिडिन पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून नुसते पाणी ओतणे पुरत नाही. साबणाचा भरपूर फेस करून दोन-तीन वेळा धुवा, पण जोराने घासू नका. धुताना पाणी स्वच्छ त्वचेवरून वाहणार नाही अशा बाजूने हात धरा. हाताची बोटे आणि नखांच्या खालची जागा विसरू नका, कारण तेथूनच पुढे डोळ्यांच्या पापण्यांपर्यंत स्राव पोचतो.

३. तेल लावू नका. कॅन्थरिडिन तेलात आणि स्निग्ध पदार्थांत विरघळते. धुण्याआधी खोबरेल लावले की थेंबाएवढ्या जागेतला स्राव पातळ होऊन बोटांनी ओढला जातो आणि फोडांची लांब रांग उठते. फोड उठल्यानंतर जे रुग्ण घरच्या उपायांनी आणखी बिघडवून येतात, त्यांत तेल लावलेले बरेच असतात. तूप, व्हॅसलीन आणि मलमाचा आधार असलेली औषधेही धुण्याआधी नकोत.

४. पुढचे २४ तास पाहत राहा. वेळेवर धुतले तर फोड येत नाही किंवा लहान येतो. स्राव आधीच मुरला असेल तर त्याला रोखणारे औषध नाही. त्यामुळे धुतल्यानंतरही फोड आला म्हणून घाबरून पुन्हा पुन्हा घासत बसू नये.

५. फोड फोडू नका. वरची कातडी हेच सर्वोत्तम झाकण असते. त्यावर कोरडे निर्जंतुक गॉझ सैल ठेवा आणि रोज बदला. फोड मोठा, ताणलेला आणि दुखरा असेल, किंवा चालताना-वाकताना फुटण्याच्या जागी असेल, तर डॉक्टरांकडून निर्जंतुक पद्धतीने रिकामा करून घ्यावा आणि कातडी जागेवर राहू द्यावी. आपोआप फुटला तर साबण-पाण्याने धुवून झाकून ठेवावा. साधारण एक ते दोन आठवड्यांत जागा भरते.

> इशारा: लहान मुलाने भुंगेरा तोंडात घातला असेल तर हा त्वचेचा प्रश्न राहत नाही. कॅन्थरिडिन पोटात गेल्यास तोंड व घसा भाजतो, लघवीतून रक्त येऊ शकते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. ओकारी काढू नका, तेल-तूप पाजू नका, १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा किंवा थेट मोठ्या रुग्णालयात जा. भुंगेऱ्याचे अवशेष बरणीत सोबत न्या.

## एक प्रसंग, तासातासाने

भाद्रपदातले, गणपतीचे दिवस धरा. मुलुंडच्या एका सोसायटीत राहणाऱ्या काकू सकाळी साडेसहाला आवारातील जास्वंदीची फुले तोडून साडीच्या ओच्यात घेतात. फुलाच्या आत पाकळ्या कुरतडत बसलेला भुंगेरा त्यांना दिसत नाही. ओचा एका हाताने धरून दुसरा हात कोपरात दुमडलेला असतो, आणि भुंगेरा दोन घड्यांच्या मध्ये दाबला जातो. बारा वाजेपर्यंत काही नाही. चार वाजता कोपराच्या खोबणीत थोडी चुरचुर जाणवते, घरातली कोणीतरी "उष्णतेचे आहे" म्हणून खोबरेल चोळते. रात्री दहा वाजता दीड-दोन सेंटिमीटरचा फोड दंडाच्या खालच्या बाजूला, तसाच दुसरा त्यासमोर हाताच्या वरच्या बाजूला, आणि तेल पसरले त्या दिशेने तीन लहान फोडांची ओळ, असे चित्र तयार होते.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई म्हणतात, "वहिनी, ही नागीण आहे, मांत्रिकाला दाखवा." मांत्रिकाची गोष्ट बाजूला ठेवू, पण नागीण आहे की नाही हे पाहणे मात्र योग्य आहे, आणि त्याला चार निकष पुरतात. नागिणीत बहुधा पुरळाच्या दोन-तीन दिवस आधीपासून त्या पट्ट्यात आग किंवा दुखणे असते, काकूंना ते नव्हते. नागीण शरीराच्या एकाच बाजूला, मज्जातंतूच्या पट्ट्यात, एकाच लाल जागेवर गुच्छाने येते, इथे घडीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर ठसा उमटला आहे आणि हा ठसा फक्त बाहेरून लागलेल्या पदार्थाचाच असतो. नागिणीचे फोड लहान आणि गुच्छात असतात, इथे एकेक मोठा आणि ताणलेला आहे. चौथा निकष फुलांच्या टोपलीत आहे: तळाशी फुलाचे चावलेले तुकडे आणि नारिंगी-काळ्या पंखाचा एक तुकडा सापडला, तर शंका राहत नाही.

तरीही निकष जुळले नाहीत तर वाट पाहू नये. नागिणीचे औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाले तर जास्त उपयोगी ठरते, म्हणून शंका असेल त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाणे स्वस्तात पडते. काकूंना पहिल्या तासात फुले परातीत ओतून, हात-कोपर साबणाने धुवून, साडी बदलून झाली असती, तर बहुधा एका लहान फोडावर भागले असते. फुले तोडण्याआधी देठाला टिचकी मारून फूल उलटे धरणे, ओच्याऐवजी परडी वापरणे आणि पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज किंवा सदरा घालणे, एवढ्यावर हा सगळा प्रसंग टळतो.

## टप्पा ५: कपडे, गॅलरी आणि झाड

सुरवंटाचे केस अळी मेल्यानंतरही काम करतात. कात टाकलेल्या सालीत आणि कोशावर ते राहतात. घोणस अळीचे टणक, तपकिरी, अंडाकार कोश खोडावर आणि भिंतीच्या सांध्यांत घोळक्याने असतात आणि त्यांच्यावरही काटे असतात, म्हणून ते रिकामे दिसले तरी उघड्या हाताने खरवडू नयेत. हातमोजे, मास्क आणि चष्मा घालून, आधी पाणी फवारून ओले करून, मग खरडून पिशवीत भरावेत. कोरडे खरडले तर केस उडतात आणि झाडूने तेच होते.

पुरळाच्या वेळी अंगात असलेले कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवावेत आणि दोनदा खळबळून काढावेत. ज्या गॅलरीसमोर देशी बदाम, शेवगा किंवा आंबा आहे तिथे पावसाळ्यात टॉवेल, अंतर्वस्त्रे आणि लहान मुलांचे कपडे बाहेर वाळत घालू नयेत. पुरळ एकाच घरात पुन्हा पुन्हा उठते आणि औषधाने तात्पुरते जाते, तेव्हा बहुतेक वेळा कारण अंगावर नसून दोरीवर असते.

झाडावर अळ्या दिसताच फांद्या तोडू नयेत. मुंबईत परवानगीशिवाय झाड तोडणे किंवा छाटणे हा कायद्याने गुन्हा ठरू शकतो. महापालिकेच्या विभाग कार्यालयातील उद्यान खात्याकडे अर्ज करावा किंवा १९१६ वर तक्रार नोंदवावी. शेवग्याच्या खोडावर जमलेले सुरवंट पेटत्या पलित्याने जाळण्याची पद्धत शेतात चालते, सोसायटीच्या आवारात चालत नाही, कारण आगीचा धोका तर आहेच, शिवाय तापलेल्या हवेबरोबर केस वर उडतात. महापालिकेची माणसे येईपर्यंत खोडापासून पाच फुटांवर दोरी बांधून मुलांना दूर ठेवणे आणि खालचे बाक हलवणे एवढेच शक्य असते, आणि ते पुरते.

## कधी थांबू नये

ओठ, जीभ किंवा चेहरा सुजणे, आवाज बसणे, श्वास लागणे, उलट्या होणे, चक्कर येणे, अंगभर गांधी उठणे, यांपैकी काहीही दिसले तर टेप आणि साबण बाजूला ठेवून १०८ ला फोन करावा. घोणस अळीच्या काट्यानंतर कळ खांद्यापर्यंत किंवा जांघेपर्यंत चढणे घाबरवते, पण ती काही तासांत उतरत गेली तर ते धोक्याचे लक्षण नाही. दुसऱ्या दिवशीही ती वाढतच असेल तर दाखवावे.

फोडाभोवतीचा लालपणा रोज पसरत असेल, पाणी पिवळे-घट्ट होत असेल, लाल रेघ वर सरकत असेल किंवा ताप आला असेल, तर जंतुसंसर्ग झाला आहे असे समजावे. मधुमेही माणसाच्या पायावर फोड असेल तर ही लक्षणे दिसण्याची वाट न पाहता पहिल्याच दिवशी जावे. पापणीवर, गुप्तांगावर किंवा तळहाताहून मोठ्या जागेवर फोड असेल तरीही तेच.

डॉक्टरांकडे जाताना बरणीतला कीटक किंवा त्याची छायाचित्रे सोबत न्यावीत. छायाचित्र वरून एक, बाजूने एक आणि ज्या झाडावर किंवा फुलावर दिसला त्याच्या पानासह एक, असे तीन काढावेत, आणि आकार कळावा म्हणून शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवावे. पुरळाचेही छायाचित्र मलम लावण्याआधी काढावे आणि त्यावर वेळ लिहून ठेवावी. किती वाजता संपर्क आला, किती वाजता पहिली चुरचुर झाली, किती वाजता फोड दिसला आणि मधल्या काळात काय लावले, या चार नोंदी कागदावर असल्या तर डॉक्टरांना निदान करायला बराच आधार मिळतो.